हीटर, एसएसआर आणि दोन सेकंदांचा हिशेब : टाइम प्रपोर्शनिंग नीट कसे बसवावे

आमच्या बेळगाव भागात, उद्यमबागेपासून खानापूर-निपाणीपर्यंत, मोटार रिवायंडिंगची दुकाने पुष्कळ. उसाला पाणी देणारे पंप जळतात, कॉइल नव्याने भरली जाते, व्हार्निश मारले जाते आणि स्टेटर ओव्हनमध्ये भाजायला जातो. या ओव्हनवर जुना थर्मोस्टॅट असायचा. आता बहुतेकांनी तापमान बघून हीटरची ताकद कमी-जास्त करणारा पीआयडी कंट्रोलर आणि त्याच्या इशाऱ्यावर हीटर चालू-बंद करणारा एसएसआर, म्हणजे सॉलिड स्टेट रिले, बसवले आहेत. माल नवा, वायरिंगही बरे असते. तरी तापमान वरखाली झुलते, दुकानातले दिवे लुकलुकतात, नाहीतर एखाद्या रात्री एसएसआर जाऊन सगळा घाणा करपतो. बघायला गेलो की चुका त्याच त्याच सापडतात, म्हणून सगळे क्रमाने लिहून काढतो.

उदाहरणाला एकच ओव्हन धरू. पत्र्याची पेटी, आत रॉकवूल, हवा फिरवायला पंखा. तळाशी दीड-दीड किलोवॅटचे पत्तीवाले दोन हीटर समांतर जोडलेले, म्हणजे एकूण ३ किलोवॅट, सिंगल फेज २३० व्होल्ट. भाजायचे तापमान १३० अंश. (तुमच्या व्हार्निशच्या डब्यावर लिहिलेले असेल ते धरा.)

## आधी एवढे समजून घ्या

कंट्रोलर जेव्हा ‘आउटपुट ३० टक्के’ म्हणतो, तेव्हा हीटरला ३० टक्के व्होल्टेज जात नाही. हीटरला जाते ते पूर्ण २३० व्होल्टच, पण वेळेच्या ३० टक्के. यालाच टाइम प्रपोर्शनिंग म्हणतात. एक ठरावीक अवधी घ्यायचा, त्याला सायकल टाइम म्हणतात. तो २ सेकंदांचा असेल तर ०.६ सेकंद हीटर चालू आणि १.४ सेकंद बंद, मग पुन्हा तसेच. हीटरचे लोखंड ही चालू-बंद आपल्या अंगात जिरवते आणि हवेला मिळते ती सरासरी, म्हणजे ०.९ किलोवॅट.

आमच्याकडे शिकायला असलेला पोरगा पहिल्यांदा क्लँप मीटर लावून ओरडला होता, "अण्णा, मीटर बिघडलाय काय ओ? तेरा दाखवतोय, लगेच शून्य, परत तेरा." मीटर बरोबर होता. ३ किलोवॅटचा हीटर २३० व्होल्टवर १३ अँपिअर खातो आणि प्रत्येक ठोक्याला तो पूर्ण १३ अँपिअरच खाणार. चार अँपिअर दिसायची वाट बघू नका. वायर, एमसीबी, एसएसआर हे सगळे १३ अँपिअरच्या हिशेबानेच घ्यायचे, सरासरीच्या नव्हे.

## १. तयारी : हीटर आणि सेन्सर तपासणे

कंट्रोलरला हात लावण्याआधी हीटर मोजा. मेन बंद करून हीटरच्या दोन टोकांत मल्टिमीटर धरा. आपल्या ओव्हनला साधारण १७.६ ओहम आले पाहिजेत. ३५ आले तर दोनपैकी एक हीटर तुटलेला आहे. अशा ओव्हनवर कितीही ट्यूनिंग केले तरी तो दुपटीने वेळ घेणार, आणि शिव्या मात्र कंट्रोलरला बसणार.

दुसरे माप बॉडीशी. ५०० व्होल्टच्या मेगरने हीटर आणि अर्थ यांच्यात निदान १ मेगओहम मिळायला हवा. इथला पावसाळा तुम्हाला सांगायला नको. जून ते सप्टेंबर ओव्हन महिनाभर बंद राहिला तर हीटरच्या नळीतली पांढरी पूड ओल धरते आणि चालू करताच ईएलसीबी पडतो. इथे एक चूक हमखास होते. लोक कंट्रोलर मॅन्युअलवर टाकून १० टक्के देतात, ‘हळूहळू वाळू दे’ म्हणून. वर सांगितलेच आहे, १० टक्क्यांतही प्रत्येक ठोका पूर्ण २३० व्होल्टचा असतो. ओल्या हीटरची गळती पहिल्या ठोक्यालाच पूर्ण होते. खरोखर कमी व्होल्टेजच द्यायचे असेल तर दोन्ही हीटर तात्पुरते सिरीजमध्ये जोडा. मग प्रत्येकाला ११५ व्होल्ट मिळतात आणि दोघांची मिळून ताकद ३००० वरून ७५० वॅटवर येते. दुकानात डिमरस्टॅट असेल तर त्यावरही हेच करता येते. मात्र ईएलसीबी बायपास करून वाळवायला जाऊ नका. वाळल्यावर पुन्हा मेगर लावा, मगच जोडणी पूर्ववत करा.

आता सेन्सर. के टाइप थर्मोकपलची दोन टोके उलटी लागली तर हीटर तापेल तसे कंट्रोलरवरचे तापमान कमी होत जाते. कंट्रोलरला वाटते थंडी पडली आणि तो १०० टक्क्यांवर जाऊन बसतो. केबलच्या रंगावर विसंबू नका, कारण बाजारात वेगवेगळ्या रंगपद्धतींच्या केबली मिळतात. एका पद्धतीत तर लाल वायर ऋण असते. टोक मुठीत धरा, आकडा चढला पाहिजे.

तपासणी : थर्मोकपलचे टोक उकळत्या पाण्यात धरा. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी १०० ला नव्हे, ९७ ते ९८ अंशांदरम्यान उकळते. कंट्रोलर ९७ दाखवतो म्हणून तीन अंशांचा ऑफसेट घालणारे मी पाहिले आहेत. घालू नका, तो बरोबर दाखवतो आहे.

## २. एसएसआर निवडणे आणि बसवणे

या कामाला डीसी कंट्रोल, एसी लोड, झिरो क्रॉस जातीचा एसएसआर लागतो. झिरो क्रॉस म्हणजे कंट्रोलरकडून इशारा आला तरी हा पठ्ठ्या एसीची लाट शून्यावर येईपर्यंत थांबतो आणि मगच चालू होतो. बंद होतानाही करंट शून्यावर आल्यावरच बंद होतो. आपल्याकडे ५० हर्ट्झ, म्हणजे अर्धी लाट १० मिलिसेकंदांची. थोडक्यात, एसएसआर १० मिलिसेकंदांच्या पटीतच चालू राहू शकतो. हा आकडा लक्षात ठेवा, सायकल टाइम ठरवताना लागणार आहे.

१३ अँपिअरला २५ चा एसएसआर कागदावर पुरतो. मी ४० चा घेतो. छापील आकडा हा मोठ्या हीट सिंकवर, गार हवेत असतानाचा असतो. आपले पॅनेल मात्र ओव्हनच्या शेजारी असते. चालू एसएसआरमध्ये साधारण सव्वा व्होल्ट पडतो, म्हणजे १३ अँपिअरला १६ वॅटच्या आसपास उष्णता त्याच्या पोटात तयार होते. सकाळी ओव्हन गार असतो तेव्हा तास-दीड तास आउटपुट १०० टक्केच असते, त्या वेळी ही उष्णता सलग निघत राहते. हीट सिंक त्या तासाच्या हिशेबाने घ्या. तळाला थर्मल पेस्टचा पातळ हात, पत्त्या उभ्या दिशेने, वरखाली हवेला वाट. लोडच्या स्क्रूखाली लग लावून घट्ट आवळा. एसएसआर जळाला म्हणून आणून दिलेल्यांत कितीतरी वेळा आतला भाग नव्हे, ढिला स्क्रूच जळालेला दिसतो.

इशारा : एसएसआर बंद असला तरी त्यातून काही मिलिअँपिअर गळती चालूच असते. कंट्रोलर शून्य दाखवतो म्हणून हीटरच्या टर्मिनलला हात लावू नका. आधी एमसीबी पाडा.

याच गळतीमुळे एसएसआर मल्टिमीटरने किंवा छोट्या एलईडी दिव्याने तपासता येत नाही. एलईडी बंद असतानाही मिणमिणतो आणि चांगला एसएसआर खराब ठरतो. १०० वॅटचा जुना पिवळा बल्ब लोड म्हणून लावा.

## ३. वायरिंगचा क्रम

फेज आधी १६ अँपिअरच्या एमसीबीत, तिथून सेमीकंडक्टर फ्यूजमध्ये, मग कॉन्टॅक्टरमध्ये, मग एसएसआरमध्ये, आणि शेवटी हीटर. हीटरचे दुसरे टोक न्यूट्रलला, ओव्हनची बॉडी अर्थला. एसएसआर फेजमध्येच हवा, न्यूट्रलमध्ये नको. फ्यूजचा खर्च लोकांना जड वाटतो, पण हीटर शॉर्ट झाला तर एमसीबी पडेपर्यंत एसएसआर गेलेला असतो, हेही तितकेच खरे.

कंट्रोल बाजूला कंट्रोलरचे अधिक टोक एसएसआरच्या ३ नंबरला, उणे ४ नंबरला. १ आणि २ हे लोडचे. इथली नेहमीची चूक म्हणजे कंट्रोलरच्या आतल्या रिलेच्या टर्मिनलांवरून एसएसआर चालवणे. बऱ्याच कंट्रोलरांवर रिलेची आणि एसएसआरची अशी दोन्ही आउटपुटे असतात. एसएसआरच्या टर्मिनलांवर मॅन्युअल १०० टक्क्यांत साधारण १२ व्होल्ट डीसी मोजता आले पाहिजेत. काहीच येत नसेल तर जागा तरी चुकली आहे, नाहीतर मेन्यूमध्ये आउटपुट रिलेवर ठेवलेले आहे.

आता कॉन्टॅक्टरबद्दल, कारण सगळ्यांत जास्त तोच गाळला जातो. एसएसआर खराब होतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन खराब होतो, म्हणजे कायमचा चालू राहतो. कंट्रोलर शून्य टक्के म्हणत ओरडतो, अलार्म वाजवतो, आणि हीटर ३ किलोवॅटने तापतच राहतो. खूप वर्षांपूर्वी एका दुकानात मीच कॉन्टॅक्टरशिवाय जोडणी केली होती. रात्री घाणा लावून सगळे घरी गेले. सकाळी दार उघडले तर आत स्टेटरवरचे व्हार्निश कोळशासारखे झालेले. नशीब, तेवढ्यावरच भागले.

म्हणून कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत वेगळा कॅपिलरी थर्मोस्टॅट घाला. त्याचा बल्ब हीटरच्या वरच्या बाजूला, कट-आउट १६० वर. कंट्रोलरचा सेन्सर त्यासाठी वापरू नका, कारण सेन्सर सुटला तर दोघेही एकदमच आंधळे होतात. कॉइलला स्टार्ट बटण आणि होल्डिंग कॉन्टॅक्ट ठेवा, म्हणजे तापमान उतरल्यावर हीटर आपोआप पुन्हा सुरू होणार नाही, कोणीतरी येऊन बघावे लागेल. पंख्याचा सहायक कॉन्टॅक्टही याच वाटेत घाला. कंट्रोलरची स्वतःची वीज मात्र कॉन्टॅक्टरच्या आधी घ्या.

इशारा : थिनरवाले व्हार्निश असेल तर स्टेटर पूर्ण निथळल्याशिवाय ओव्हनमध्ये ठेवू नका आणि वाफ बाहेर जायची खिडकी बंद करू नका. कोंडलेली वाफ पेट घेते.

## ४. सायकल टाइम ठरवणे

कितीतरी कंट्रोलर कारखान्यातून २० सेकंदांच्या आसपासच्या सायकल टाइमवर येतात, कारण तो आकडा रिले-कॉन्टॅक्टरसाठी असतो. यांत्रिक कॉन्टॅक्टरला १ सेकंदाची सायकल दिली तर आठ तासांत तो २८,८०० वेळा आपटेल. २० सेकंदांत हेच १,४४० वर येते. एसएसआरला आपटणे-बिपटणे काही नाही, म्हणून लोक दुसऱ्या टोकाला जाऊन शक्य तितका छोटा आकडा टाकतात. दोन्ही बाजूंनी काय होते ते बघू.

आकडा मोठा ठेवला तर हीटरचे लोखंड बंद काळात गार होते. आपल्या हीटरचे लोखंड ३ किलो धरा. ते एक अंश तापायला साधारण दीड किलोज्यूल लागतात. ३० टक्क्यांवर, २ सेकंदांच्या सायकलमध्ये, बंद काळ १.४ सेकंदांचा. तेवढ्यात ओव्हन ०.९ किलोवॅटने हीटरकडून सव्वा किलोज्यूलच्या आसपास घेतो, म्हणजे हीटर अंशभरही उतरत नाही. २० सेकंदांच्या सायकलमध्ये बंद काळ १४ सेकंद आणि हीटरची उतरण आठ-साडेआठ अंश. खरे सांगायचे तर एवढ्या मोठ्या ओव्हनच्या हवेला तीही फारशी कळत नाही, आत स्टेटरांचे वजनच इतके असते. पण हाच २० चा आकडा प्लॅस्टिक पिशव्या सील करायच्या मशीनवर ठेवा. तिथली निक्रोमची पट्टी काही ग्रॅमची असते. ती १४ सेकंदांत पूर्ण गार पडेल आणि ६ सेकंदांत लाल होईल. तेव्हा सायकल टाइम ठरतो तो हीटरच्या वजनावरून. जेवढा हीटर हलका तेवढी सायकल छोटी.

आकडा छोटा ठेवला तर दोन गोष्टी होतात. पहिली, एसएसआरच्या पायऱ्या जाड होतात. २ सेकंदांत १० मिलिसेकंदांच्या २०० अर्ध्या लाटा बसतात, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या टक्क्याची पायरी मिळते. ०.१ सेकंदाच्या सायकलमध्ये दहाच बसतात. मग कंट्रोलर ३३ टक्के म्हणो की ३६, एसएसआर त्याच्या जवळची दहाची पायरी देणार. दुसरी गोष्ट दिव्यांची. दुकानाची वायर लांब आणि बारीक असेल तर १३ अँपिअर चालू होताना व्होल्टेज दोन-चार व्होल्ट दबते. सेकंदाला आठ-दहा वेळा असे झाले तर डोळ्यांना सगळ्यांत जास्त खुपते. तेव्हा लुकलुक घालवायला सायकल आणखी छोटी करू नका. जास्त जाडीची वायर टाका किंवा ओव्हनची लाईन थेट मीटरपासून वेगळी आणा.

या ओव्हनला २ सेकंद ठेवा. मेन्यूमध्ये हा पॅरामीटर `CyC`, `Ct` अशा काहीतरी नावाने असतो, माहितीपत्रक बघा. त्याच फेरीत सेन्सर के टाइप, कंट्रोल पीआयडी, दिशा हीटिंग आणि आउटपुट एसएसआर आहे ना, हेही बघून घ्या. दिशा कूलिंगवर राहिली तर ओव्हन गार असताना आउटपुट शून्य राहते आणि १३० ओलांडल्यावर चालू होते.

## ५. ट्यून करण्याआधी हाताने मोजा

ही पायरी कोणी करत नाही आणि निम्मे घोटाळे इथेच पकडता येतात. सायकल टाइम तात्पुरता १० सेकंद करा, कंट्रोलर मॅन्युअलवर टाका आणि ३० टक्के द्या. एसएसआरवरचा छोटा दिवा घड्याळ लावून बघा. ३ सेकंद चालू, ७ बंद. मग ० द्या, पूर्ण बंद. १०० द्या, सलग चालू, मध्ये डोळा मिचकावलेलाही चालणार नाही. कुठे मिचकावला तर कमाल आउटपुटची मर्यादा कमी ठेवलेली आहे.

दिवा म्हणजे फक्त इशारा. हीटरला खरोखर किती वीज गेली ते मीटर सांगतो. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा युनिटमागे ठरावीक वेळा लुकलुकतो, तो आकडा मीटरवरच छापलेला असतो. समजा ३२०० आहे. दुकानातले बाकीचे सगळे बंद करा. १०० टक्क्यांवर ३ किलोवॅट म्हणजे तासाला ९६०० आणि मिनिटाला १६० लुकलुका. ३० टक्क्यांवर मिनिटाला ४८. पंख्यामुळे दोन-तीन जास्त येतील. मोजून ८० आले तर कुठेतरी चोरवाट आहे, आणि शून्य टक्क्यांवरही भराभर लुकलुकत असेल तर एसएसआर शॉर्ट आहे, पुढे जाऊच नका.

तपासणी संपल्यावर सायकल टाइम परत २ सेकंदांवर आणा. १० वर विसरून गेलेले ओव्हन मी महिन्याने पुन्हा पाहिले आहेत.

## ६. ऑटोट्यून : कधी आणि कशावर

ऑटोट्यूनमध्ये कंट्रोलर मुद्दाम आउटपुट चालू-बंद करून तापमान सेटपॉइंटच्या वरखाली झुलवतो आणि त्या झुलण्यावरून पीआयडीचे आकडे काढतो. रिकाम्या ओव्हनवर ट्यून केले तर आकडे रिकाम्या ओव्हनचे निघतात. मग आत ८०-१०० किलो लोखंड ठेवले की वागणूक बदलते. गिऱ्हाइकाचा ओला स्टेटर ठेवूनही करू नका, कारण तापमान सेटपॉइंटच्या वर जाते. भंगारातले जळके स्टेटर नेहमीच्या घाण्याएवढे भरा, पंखा चालू ठेवा, दार लावा, सेटपॉइंट ११० ठेवा आणि ऑटोट्यून सुरू करा. दीड-दोन तास लागतील. मध्ये ‘बघू जरा’ म्हणून दार उघडले तर पुन्हा पहिल्यापासून.

ट्यून झाल्यावर सेटपॉइंट १३० करा आणि तासभर स्थिर होऊ द्या. मग आउटपुटचा टक्का वहीत लिहून ठेवा. आपल्या ओव्हनला तो ३० आहे. पुढे कधी बिघाड शोधायचा झाला तर हाच आकडा कामाला येतो.

संध्याकाळी व्होल्टेज उतरते तेव्हा काय होते ते या आकड्यावरून कळते. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २०० व्होल्टवर ३ किलोवॅटचे २.२७ किलोवॅट उरतात. ओव्हनला तर ०.९ हवेतच, म्हणून आउटपुट ३० वरून चढत ४० पर्यंत जाते आणि तापमान एक-दोन अंश दबून परत जागेवर येते. हे बरोबर चाललेले लक्षण आहे, पुन्हा ट्यून करू नका. मात्र सकाळी गार ओव्हन तापवताना आउटपुट आधीच १०० वर असते, तिथे कंट्रोलरच्या हातात काही नसते, वेळ जास्तच लागणार.

## ७. स्वतः प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी

काही पोरे तयार कंट्रोलरऐवजी आर्डुइनो वापरतात. पीआयडीचे गणित लायब्ररी करते, टाइम प्रपोर्शनिंग आपण लिहायचे. गाभा एवढाच :

```
const unsigned long WINDOW = 2000;
const unsigned long MIN_ON = 20;
unsigned long start = 0, onTime = 0;

void ssrUpdate(float duty) {   // duty: 0..100
  unsigned long now = millis();
  if (now - start >= WINDOW) {
    start += WINDOW;
    onTime = WINDOW * duty / 100.0;
    if (onTime < MIN_ON) onTime = 0;
  }
  digitalWrite(SSR_PIN, now - start < onTime);
}
```

`SSR_PIN` ला आपल्या पिनचा नंबर वरच द्यायचा आणि `setup()` मध्ये `pinMode(SSR_PIN, OUTPUT);` लिहायचे. हे फंक्शन `loop()` मध्ये प्रत्येक फेरीला बोलवायचे आणि `setup()` च्या शेवटी `start = millis();` लिहायचे. `onTime` फक्त सायकलच्या सुरुवातीला बदलतो हे मुद्दाम आहे. पीआयडीचे उत्तर मध्येच बदलले आणि आपण ते लगेच लावले, तर एकाच सायकलमध्ये एसएसआर दोनदा चालू होतो आणि टक्केवारीचा हिशेब बिघडतो.

सगळ्यांत महागात पडते ते `delay(1000)`. डिस्प्लेसाठी म्हणून लूपमध्ये ते टाकले की फंक्शन सेकंदाला एकदाच चालते. ३० टक्क्यांना `onTime` ६०० येतो, पण पिन खाली यायची वेळ १००० ला येते. म्हणजे प्रत्यक्षात ५० टक्के. ५ टक्क्यांनाही ५०, आणि ६० टक्क्यांना थेट १००! ओव्हन झुलतो आणि पोरगा पीआयडीचे आकडे बदलत बसतो. सेन्सर, डिस्प्ले, पीआयडी ही सगळी कामे `millis()` वर वेळ बघून करा.

मॅक्स-६६७५ ची चिप वापरत असाल तर तिला एक माप घ्यायला ०.२२ सेकंदापर्यंत लागतात. प्रत्येक लूपला वाचत राहिलात तर चालू माप मध्येच तुटते आणि जुनाच आकडा गोठून राहतो. सेकंदातून दोनदा वाचा. थर्मोकपल तुटल्याची खूण मिळाली की `duty` शून्य. पीआयडी लायब्ररीची मर्यादा ० ते १०० अशी सांगायला विसरू नका. ती आपणहून २५५ पर्यंत जाते, आणि १०० च्या पुढे गेलेले आकडे हीटरला काही जास्त देत नाहीत, फक्त खाली यायला वेळ लावतात. वर सांगितलेला कॉन्टॅक्टर आणि थर्मोस्टॅट इथे तर हवाच हवा, कारण प्रोग्राम अडकला आणि पिन वरच राहिली तर एसएसआर शॉर्ट झाल्यासारखेच होते.

## ८. बिघाड झाला तर कुठून सुरुवात करायची

आधी कंट्रोलरवरचा आउटपुट टक्का बघा, तापमान नंतर.

आउटपुट शून्य आणि तापमान चढतेच आहे, तर एसएसआरच्या ३ नंबरची वायर काढा. क्लँप मीटर तरीही १३ दाखवत असेल तर एसएसआर शॉर्ट. वायर काढल्यावर करंट गेला तर दोष कंट्रोलरच्या बाजूला आहे.

आउटपुट १०० आणि तापमान चढत नाही, तर क्लँप मीटर लावा. ६.५ अँपिअर दिसले तर एक हीटर गेला. शून्य दिसले तर बहुतेक कट-आउट पडला आहे, आणि तो का पडला हे शोधल्याशिवाय स्टार्ट दाबू नका. ११ च्या आसपास दिसले तर व्होल्टेज मोजा.

तापमान झुलते आहे आणि आउटपुटही ० ते १०० असे झुलते आहे, तर सायकल टाइम, मग पंखा, मग थर्मोकपलचे टोक या क्रमाने बघा. टोक पेटीच्या पत्र्याला चिकटले असेल तर ते हवेचे नव्हे, पत्र्याचे तापमान सांगते, आणि पत्रा फार उशिरा तापतो. टोक परतीच्या हवेत, कशालाही न टेकता, हातभर आत हवे. हे सगळे ठीक असेल तरच पुन्हा ऑटोट्यून.

आणि तापमान १३० वर ठाम, पण वहीतला ३० चा टक्का महिन्याभरात ४५ वर गेला असेल, व्होल्टेजही २३० च असेल, तर पीआयडीला हात लावू नका. दाराभोवतीची दोरी बघा, ती झिजली की उष्णता तिथून निघून जाते.